वर्धापनदिनाच्या मजकुरात कोणता आकडा द्यावा: मसाला कांडप केंद्राच्या पावतीवहीतून शोधलेले उत्तर

प्रश्न: "आमचे साताऱ्याजवळ मसाला कांडप केंद्र आहे. २०२६ च्या गुढीपाडव्याला दहा वर्षे पूर्ण होत आहेत, म्हणून ग्राहकांचे आभार मानणारा मजकूर इन्स्टाग्रामवर आणि व्हॉट्सॲप स्टेटसवर टाकायचा आहे. 'हजारो ग्राहकांचा विश्वास, दिवसेंदिवस वाढता प्रतिसाद' असे सगळेच लिहितात. मला एकच खरा आकडा द्यायचा आहे. तो कोणता द्यावा आणि कसा लिहावा?"

लहान व्यावसायिकांसाठी जाहिरातीचा आणि आभाराचा मजकूर लिहिण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे. माझा अनुभव असा की वाक्ये जुळवायला फार वेळ लागत नाही. खरा वेळ जातो तो काय मोजायचे हे ठरवण्यात. 'हजारो ग्राहकांचा विश्वास' हे वाक्य शेजारच्या चप्पलच्या दुकानावर लावले तरी तितकेच चालते, आणि म्हणूनच ते तुमच्याबद्दल काहीच सांगत नाही. तुम्हाला असा आकडा हवा आहे, जो फक्त तुमच्याच पावतीवहीतून निघू शकतो आणि जो वाचताना ग्राहकाला आपण त्या आकड्यात आहोत हे ओळखता येते. आभार एका वाक्यात आणि आकडा दुसऱ्या वाक्यात, असे दोन तुकडे पडले तर आकडा बढाईसारखा वाटतो. आकडा ग्राहकांनी काय केले याचा असेल, तर तोच आभार होतो.

आता हे सर्वस्वी तुमच्याकडे कोणत्या नोंदी शिल्लक आहेत यावर अवलंबून आहे. बहुतेक कांडप केंद्रांत पावतीच्या स्थळप्रतीवर क्रमांक, नाव, गाव, वजन आणि मजुरी एवढे असते, आणि काही ठिकाणी मोबाईल नंबरही लिहिलेला असतो. तुमच्याकडे २०१६ च्या उन्हाळ्यातील वह्या असतील तर पुढचे सर्व तुम्हाला लागू पडेल. त्या हरवल्या असतील किंवा उंदरांनी खाल्ल्या असतील, तर सर्वांत जुनी जी वही सापडेल तिथून मोजा आणि मजकुरात तेच वर्ष लिहा. हातातल्या तीन वर्षांच्या सरासरीला दहाने गुणून आकडा काढणे मात्र टाळा, कारण तो अंदाज असतो, आणि अंदाज मोजणीच्या वेषात मांडला की कोणी खोलात जाऊन विचारल्यावर दाखवायला आपल्यापाशी काहीच नसते.

बहुतेक केंद्रचालकांना पहिल्यांदा सुचतो तो किलोंचा आकडा. दहा वर्षांत इतके टन मसाला कुटला, हे ऐकायला भारदस्त वाटते; पण या धंद्यात 'किलो' हे एकक वाटते तितके सरळ नाही. ग्राहक देठासकट मिरची आणतो, देठ काढल्यावर वजन घटते, उन्हात पुन्हा एकदा वाळवली की आणखी घटते. उलट कांदा-लसूण मसाल्यात तळलेला कांदा, लसूण, खोबरे आणि तेल पडले की तयार मसाल्याचे वजन नुसत्या मिरचीपेक्षा कितीतरी जास्त भरते. तुम्ही आणलेले वजन मोजले, कुटायला घातलेले मोजले की डब्यात भरून दिलेले मोजले, यावर आकडा बदलतो, आणि बहुतेक केंद्रांत दहा वर्षे एकाच पद्धतीने वजन लिहिलेले नसते. दुसरी अडचण व्यवहाराची आहे. मजुरीचा दर तुमच्या फलकावर किलोप्रमाणे लिहिलेला असतो, त्यामुळे एकूण किलो जाहीर केले की समोरचा माणूस गुणाकार करून तुमचे उत्पन्न काढतो. ते लपवण्यासारखे नसले, तरी आभाराच्या मजकुरातून जागामालकाला आणि नव्या स्पर्धकाला ते सांगण्याचे कारण नाही.

पावत्यांची संख्याही फसवी आहे. एकच घर मार्चमध्ये मिरची घेऊन येते, एप्रिलमध्ये हळद, आणि दिवाळीच्या आधी गरम मसाला किंवा भाजणीचे धान्य. तीन पावत्या म्हणजे तीन ग्राहक नव्हेत. 'पाच हजार ग्राहक' असे जिथे लिहिलेले असते, तिथे पुष्कळदा पाच हजार पावत्या असतात; लिहिणाऱ्याला फसवायचे नसते, त्याने फक्त हा फरक तपासलेला नसतो. इन्स्टाग्रामवरच्या अनुसरण करणाऱ्यांची संख्या तर या प्रश्नात आणूच नये, कारण त्यांतील अनेकांनी तुमच्या डंकावर मिरची कधी आणलेलीच नसते.

वाढीची टक्केवारी हा तिसरा मोह. तुमच्या धंद्यात तिची एक विशेष अडचण आहे. २०२० मध्ये गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि देशभरातील टाळेबंदी त्याच दिवशी सुरू झाली. म्हणजे कांडपाच्या ऐन हंगामावर, पाडव्यापासून मेअखेरपर्यंतच्या दिवसांवर, ती नेमकी येऊन पडली. त्या वर्षाशी तुलना करून पुढच्या वर्षी 'दुप्पट प्रतिसाद' लिहिला तर गणित बरोबर ठरते आणि अर्थ चुकीचा पोहोचतो. ज्या ग्राहकाला ते दिवस आठवतात, त्याला हे लगेच कळते.

माझ्या मते कांडप केंद्रासाठी सर्वांत बोलका आकडा एकच आहे: पहिल्या हंगामात आलेल्या घरांपैकी किती घरे शेवटच्या पूर्ण झालेल्या हंगामातही आली. वर्षभराचा मसाला हे घरातल्या चवीचे काम आहे. तो एकदा बिघडला, जळका वास लागला किंवा दुसऱ्याच्या मिरचीत मिसळला, तर त्या घराला बारा महिने ते सोसावे लागते आणि पुढच्या वर्षी ते घर येत नाही. त्यामुळे परत आलेले घर हा तुमच्या कामाचा पुरावा आहे, आणि परत येण्याचा निर्णय ग्राहकाचा असल्यामुळे त्याबद्दल मनापासून आभार मानता येतात.

हे कसे मोजायचे ते कराडकडच्या एका केंद्राच्या उदाहरणावरून सांगतो. ते केंद्र २०१३ च्या उन्हाळ्यात सुरू झाले आणि २०२३ च्या पाडव्याला त्याची दहा वर्षे पूर्ण झाली. मालकीणबाईंनी सुरुवातीला मला 'हजारो समाधानी कुटुंबे' असा मजकूर पाठवला होता. मी त्यांना फक्त दोन हंगामांच्या वह्या काढायला सांगितल्या, २०१३ ची आणि २०२२ ची. पहिल्या हंगामात ४१२ पावत्या निघाल्या. एकाच घराच्या पावत्या एकत्र केल्यावर ती २६८ घरे झाली.

एकत्र करताना नियम आधी ठरवावा लागतो, मोजत असताना नाही. नाहीतर प्रत्येक शंकास्पद नाव आपल्या सोयीने आत ओढले जाते. आम्ही 'एक चूल म्हणजे एक घर' हा नियम धरला. पहिल्या वर्षी सासूबाईंच्या नावाने पावती होती आणि आता सून येते, तर घर तेच. भावाभावांच्या वाटण्या होऊन दोन चुली झाल्या असतील आणि दोन्ही चुली आज येत असतील, तरी सुरुवातीला ते एकच घर होते, म्हणून एकच मोजायचे. नाव आणि गाव जुळले पण त्या गावात त्याच नावाच्या दोन बायका आहेत, अशा वेळी मोबाईल नंबर जुळला तरच घ्यायचे. मोबाईल बदललेला असेल आणि दुसरी कोणतीच खूण नसेल, तर ते घर सोडून द्यायचे.

मग मालकीणबाईंनी आणि त्यांच्या मुलाने, एकमेकांना न विचारता, दोन्ही वह्या वेगवेगळ्या ताडून पाहिल्या. बाईंच्या यादीत ९७ घरे आली आणि मुलाच्या यादीत ९४. दोन्ही याद्यांत असलेली घरे ९१ होती. बाईंकडची सहा आणि मुलाकडची तीन, अशी एकूण नऊ घरे फक्त एकाच यादीत होती, आणि ती आम्ही बाजूला ठेवली. त्यांतली काही घरे खरी जुनी असणार हे बाईंना मनोमन ठाऊक होते आणि त्यांना वाईटही वाटले. पण मोजणीत चूक व्हायचीच असेल तर ती कमी दाखवण्याच्या बाजूने व्हावी, हा माझा आग्रह असतो. या सगळ्याला दोघांच्या तीन संध्याकाळी लागल्या.

९१ पाहून त्या थोड्या हिरमुसल्या. "हे फारच कमी वाटेल, निदान 'शेकडो' तरी लिहू या," असे त्या म्हणाल्या. मी त्यांना यादी मोठ्याने वाचायला सांगितली. विसाव्या नावापर्यंत येईतो त्या प्रत्येक घराबद्दल काहीतरी सांगू लागल्या होत्या: कोणाकडे ब्याडगीत थोडी लवंगी घालतात, कोणाला मसाला जाडसर लागतो, कोणाच्या लेकीला दर वर्षी पुण्याला डबा जातो. 'शेकडो' या शब्दात यांतले एकही घर दिसत नाही, आणि ९१ मध्ये प्रत्येकाला आपली जागा दिसते. यानंतर त्यांनी आकडा बदलण्याचा विषय काढला नाही.

शब्दांच्या बाबतीत दोन ठिकाणी आम्हाला सावध राहावे लागले. त्यांच्या पहिल्या मसुद्यात 'दहा वर्षे दर वर्षी न चुकता येणारी ९१ घरे' असे होते. आम्ही ताडून पाहिल्या होत्या फक्त दोन वह्या, मधली आठ वर्षे नाही. शिवाय २०२० चा हंगाम त्या केंद्रात मोडलाच होता. म्हणून 'तेव्हा आली आणि आताही आली' इतकेच लिहिणे योग्य होते. दुसरे म्हणजे 'पहिल्या वर्षीचे बहुतेक ग्राहक' हा शब्दप्रयोग. २६८ पैकी ९१ म्हणजे साधारण तिसरा हिस्सा, बहुतेक नव्हे. एकूण २६८ चा उल्लेख मजकुरात करावा का, यावर आम्ही विचार केला आणि मी तो टाळण्याचा सल्ला दिला, कारण हा हंगामाचा अहवाल नाही आणि आम्ही कोणत्याही प्रमाणाचा दावा करत नव्हतो. मात्र कोणी विचारले तर तो आकडा सांगायची तयारी ठेवली होती, आणि तशी वेळ आलीही. इन्स्टाग्रामवर त्या मजकुराखाली एकाने "दहा वर्षांत फक्त ९१?" असे लिहिले, तेव्हा त्यांनी उत्तर दिले की पहिल्या हंगामात २६८ घरे आली होती, त्यांपैकी ही ९१ आहेत, आणि नंतरच्या वर्षांत जोडली गेलेली घरे यात मोजलेली नाहीत.

अखेरीस गेलेला मजकूर असा होता:

"९१ घरे. २०१३ च्या उन्हाळ्यात आमच्या डंकावर पहिल्यांदा मिरची घेऊन आलेली ही घरे २०२२ च्या उन्हाळ्यातही मिरची घेऊन आली. आज आमच्या केंद्राला दहा वर्षे पूर्ण झाली. वर्षभराच्या चवीचे काम तुम्ही पुन्हा आमच्या हाती दिलेत, याबद्दल तुम्हा सर्वांचे मनःपूर्वक आभार. २०२० मध्ये हंगाम अर्ध्यावर थांबला, तेव्हा वाळवलेली मिरची घरात जपून ठेवून नंतर आमच्याचकडे आणणाऱ्यांची आम्हाला आठवण आहे. (हा आकडा दोन्ही हंगामांच्या पावत्या ताडून आम्ही स्वतः मोजला आहे.)"

यात आकडा अगदी सुरुवातीला ठेवण्यामागे साधे कारण आहे. इन्स्टाग्रामवर मजकुराला २,२०० अक्षरांची मुभा असली, तरी उघडून न पाहणाऱ्याला पहिली एकदोन वाक्येच दिसतात. 'सर्व ग्राहकांना नमस्कार, आज आम्हाला सांगताना अत्यंत आनंद होत आहे' यात ती जागा खर्ची पडली तर आकडा पडद्याआड जातो. व्हॉट्सॲप स्टेटस चोवीस तासांत नाहीसे होते आणि लोक ते ओझरते पाहतात, म्हणून तिथे फक्त पहिली दोन वाक्ये आणि आभाराचे एक वाक्य पुरेसे आहे. कंसातले शेवटचे वाक्य मात्र दोन्हीकडे ठेवा. आकडा कुठून आला हे सांगितल्यामुळे तो सजावटीचा वाटत नाही.

एकापेक्षा जास्त आकडे देऊ नयेत, हे मी आग्रहाने सांगेन. ९१ घरांच्या शेजारी किती टन, किती गावे आणि किती पावत्या हेही लिहिले, तर वाचणाऱ्याच्या लक्षात एकही राहत नाही आणि आभाराचा मजकूर माहितीपत्रक होऊन जातो. त्याचप्रमाणे 'शुद्ध', 'भेसळमुक्त', 'जिल्ह्यात क्रमांक एक' हे शब्दही या मजकुरात नकोत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी स्पष्ट तरतूद आहे, आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वेही काढली आहेत. केलेला दावा सिद्ध करता आला पाहिजे, हा त्यांचा गाभा आहे. गावातल्या कांडप केंद्रावर लगेच कारवाई होईल असे मी म्हणत नाही. पण तुमचा ९१ सारखा आकडा पावतीवही पुढे ठेवून सिद्ध होतो, आणि 'क्रमांक एक' कशानेही सिद्ध होत नाही, हा फरक मोठा आहे.

छायाचित्राबद्दल एक सूचना माझ्या स्वतःच्या चुकीतून आलेली आहे. काही वर्षांपूर्वी एका दुकानासाठी मी जुन्या वहीचे पान छायाचित्र म्हणून वापरायला सुचवले होते. पान सुंदर दिसत होते, पण त्यावर ग्राहकांची नावे आणि मोबाईल नंबर स्पष्ट वाचता येत होते, आणि एका बाईंनी त्याच दिवशी रागावून फोन केला. त्यांचा राग योग्य होता. आम्ही ते छायाचित्र तासाभरात काढले, तरी तोवर ते अनेकांनी पुढे पाठवले होते. तेव्हापासून मी वहीची फक्त पाठ किंवा वह्यांची चवड दाखवायला सांगतो. कोणा ग्राहकाचे नाव किंवा फोटो घ्यायचाच असेल, तर मजकूर त्यांना आधी वाचून दाखवा आणि होकार घ्या.

तुमच्या बाबतीत वर्षांचा हिशोबही नीट लिहावा लागेल. २०१६ च्या पाडव्याला सुरुवात झाली असेल, तर २०२६ च्या पाडव्याला दहा वर्षे पूर्ण होऊन तुम्ही अकराव्या वर्षात पदार्पण करता, आणि तोपर्यंत पूर्ण झालेले हंगाम २०१६ ते २०२५ हे दहा असतात. म्हणून ताडायच्या वह्या २०१६ आणि २०२५ च्या. २०२६ चा हंगाम तेव्हा नुकताच सुरू होत असेल, त्याची संख्या यात मिसळू नका. मजकुरात 'यंदा' हा शब्दही टाळा, कारण पाडव्याला नवे वर्ष सुरू होते आणि 'यंदा' म्हणजे कोणता हंगाम हे वाचणाऱ्याला कळत नाही. वर्ष आकड्यात लिहा.

मोजून आकडा फारच लहान निघाला, समजा अकरा घरे, तर काय करावे, हा प्रश्न तुमच्या मनात येईल. अकरासुद्धा लिहिता येतो, पण तो वाढवून दाखवण्याच्या सुरात नव्हे. त्या अकरा घरांना प्रत्यक्ष भेटून किंवा फोन करून आभार मानावेत आणि मजकुरात तेवढेच सांगावे. मात्र आकडा इतका लहान का आला, हे आधी पाहा. पहिल्या वर्षीच्या पावत्यांवर गावाचे नाव नसेल किंवा फक्त आडनाव लिहिले असेल, तर ताडणी फसते आणि घरे येत असूनही सापडत नाहीत. अशा वेळी पहिला हंगाम सोडून ज्या वर्षापासून नोंद नीट आहे, ते वर्ष धरावे आणि 'आमच्याकडे २०१८ पासूनची पूर्ण नोंद आहे' असे स्वच्छ लिहावे. पावतीवहीच नसेल आणि सगळे तोंडी चालत असेल, तर या वर्धापनदिनाला आकड्याशिवाय आभार माना; त्यात काही कमीपणा नाही.

पाडव्याआधी हंगामाची घाई सुरू होते, तेव्हा ही मोजणी फेब्रुवारीतच उरकून घ्या आणि दोन माणसांनी स्वतंत्रपणे करा. यंदाच्या पावतीवर एक नवा रकाना छापून घेता आला तर फार उत्तम: 'आमच्याकडे पहिल्यांदा कोणत्या वर्षी आलात?' कराडकडच्या त्या केंद्राने २०२३ पासून तो ठेवला आहे. बाजूला ठेवलेल्या नऊ घरांपैकी चार घरांतल्या बायकांनी त्याच उन्हाळ्यात रांगेत उभे असताना २०१३ असे सांगितले, आणि मालकीणबाईंनी ती नावे आपल्या यादीत शाईने लिहून घेतली.